एका डेस्कटॉपमध्ये तीन संगणक

घरात पडून असलेल्या जुन्या डेस्कटॉपवर हायपरव्हायजर बसवला, की त्या एकाच यंत्रात अनेक संगणक वेगवेगळे चालवता येतात. ‘प्रॉक्समॉक्स’ हा डेबियन लिनक्सवर उभा असलेला मोफत हायपरव्हायजर त्यासाठी उत्तम. आधी बायोसमध्ये Intel VT-x किंवा SVM सुरू करायचे आणि मग पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉल करायचे. निवडलेली डिस्क पूर्ण पुसली जाते, म्हणून जुने फोटो-कागदपत्रे आधीच बाहेर काढून ठेवावीत. पुढचा सगळा कारभार दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमधून, ८००६ या पोर्टवर चालतो.

खरा विचार करावा लागतो तो डिस्कच्या मांडणीचा, कारण ती नंतर बदलायची तर बहुधा सगळे पुन्हा बसवावे लागते. समजा, यंत्रात १६ जीबी रॅम, ५०० जीबीची एसएसडी आणि १ टीबीची जुनी हार्ड डिस्क आहे. इन्स्टॉलरची मूळ निवड, म्हणजे ext4 आणि एलव्हीएम, तशीच ठेवली तर एसएसडीवर हायपरव्हायजरची स्वतःची जागा वजा जाऊन मशीनसाठी सुमारे ३४० जीबी उरतात. पडद्यावर या साठ्याचे नाव local-lvm असे दिसते.

या ३४० जीबीत प्रत्येकी २०० जीबीची तीन मशीन तयार करता येतात! मशीनला जागा फक्त कबूल केलेली असते. प्रत्यक्षात ती जसजसे लिहिते तसतशीच खर्च होते. सोय मोठी आहे, पण धोकाही इथेच आहे. साठा भरला की मशीनच्या आतून डिस्क अर्धी रिकामी दिसत असूनही लिहिणे अडते आणि फाइल सिस्टिम बिघडू शकते. शिवाय आतली फाइल पुसली तरी मोकळी झालेली जागा साठ्याकडे आपोआप परत येत नाही. त्यासाठी मशीनच्या डिस्कला Discard हा पर्याय द्यावा आणि आतल्या लिनक्समध्ये `fstrim -av` चालवावे. साठा किती भरला, ते हायपरव्हायजरवर असे पाहायचे:

```
lvs pve/data
```

`Data%` ८०च्या पुढे गेले, की आवराआवर करायलाच हवी.

सारख्याच आकाराच्या दोन एसएसडी असतील, तर मी झेडएफएस मिरर निवडेन. एक डिस्क गेली तरी काम चालू राहते. मात्र झेडएफएस रॅममधला वाटा घेते, आणि एसएसडी व हार्ड डिस्कची जोडी लावली तर लिहिण्याचा वेग हार्ड डिस्कवर येतो. म्हणून आपल्या उदाहरणात मिरर नको; हार्ड डिस्क फक्त बॅकअपसाठी ठेवावी. स्नॅपशॉट त्याच एसएसडीवर राहतो, ती गेली की तोही जातो.

बॅकअप उघडतो का, हेही तपासावे. तो वेगळ्या क्रमांकाच्या नव्या मशीनमध्ये रिस्टोअर करावा आणि सुरू करण्याआधी त्याचे नेटवर्क तोडावे, नाहीतर एकाच आयपी पत्त्याची दोन मशीन एकमेकांना अडवतात.