सुटलेली एक फ्रेम

चौकात कॅमेरा लावून वाहने मोजली, की त्या चित्रफितीवर संगणक प्रत्येक गाडीभोवती चौकट काढतो, तिला क्रमांक देतो आणि ती कुठून कुठे वळली याची नोंद ठेवतो. अशी चित्रफीत नगरपालिकेला, सल्लागाराला किंवा महाविद्यालयाला देण्याआधी तिच्यातले चेहरे आणि नंबरप्लेट पुसाव्या लागतात. हे काम हाताने करणे अशक्यच, कारण दहा मिनिटांच्या चित्रफितीत सेकंदाला 25 या हिशेबाने 15,000 फ्रेम असतात. म्हणून एक मॉडेल चेहरे शोधते, दुसरे प्लेट शोधते आणि सापडलेला भाग आपोआप धूसर होतो.

अडचण ‘सापडलेला’ या शब्दात आहे. गूगलने ‘स्ट्रीट व्ह्यू’च्या छायाचित्रांतले चेहरे 2008 पासून धूसर करायला घेतले. त्यांच्याच अभियंत्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात चाचणीतले 89 टक्क्यांहून अधिक चेहरे आणि 94 ते 96 टक्के प्लेट नीट झाकल्या गेल्याचे नमूद केले आहे. म्हणजे दहातला एखादा चेहरा उघडा राहत होता. उलट 2016 मध्ये इंग्लंडच्या केंब्रिजमधल्या एका गाईचा चेहरा यंत्राने इमानेइतबारे झाकला आणि जगभर हशा पिकला. पण गाय झाकली गेल्याने कोणाचे काही बिघडत नाही, माणूस सुटला तर बिघडते. म्हणून मॉडेलला ‘हा चेहरा असावा’ अशी थोडीशी शंका आली तरी ते झाकेल इतका खात्रीचा आकडा खाली ठेवतात. चार दुकानांच्या पाट्या विनाकारण धूसर झाल्या तरी चालतात.

छायाचित्रापेक्षा चित्रफीत अवघड. एखादा दुचाकीस्वार चौकात चार सेकंद दिसला, तर त्याच्या शंभर फ्रेम होतात. मॉडेलने त्यातल्या 95 अचूक पकडल्या तरी पाच फ्रेममध्ये चेहरा उघडा राहतो. चालू चित्रफितीत तो क्षणभर चमकून जातो, पण थांबवून पाहणाऱ्याला एक फ्रेम पुरते. शंभरात 95 हे परीक्षेत उत्तम गुण असतील, इथे ती नापासाची खूण आहे.

यावरचा उपाय म्हणजे फ्रेम सुट्या न धरता माग काढणे. चाळिसाव्या फ्रेममध्ये चेहरा सापडला, पंचेचाळिसाव्यात पुन्हा सापडला, तर मधल्या चार फ्रेममध्येही तो त्याच वाटेवर असणार. तिथे अंदाजाने चौकट भरून घेता येते. पहिल्या पकडीआधी आणि शेवटच्या पकडीनंतरही चौकट अर्धा-एक सेकंद लांबवतात, कारण दूरवरून येणारी गाडी वाचता येऊ लागल्यावर मॉडेलला ती कधीकधी उशिरा दिसते. मागे वळून पाहण्याची सोय हवी, म्हणून हे काम थेट प्रक्षेपणात नीट होत नाही, ध्वनिमुद्रित चित्रफितीवरच होते.

झाकायचे कसे, हा पुढचा प्रश्न. 2007 मध्ये इंटरपोल शोधत असलेल्या एका गुन्हेगाराने आपला चेहरा भोवऱ्यासारखा पिळून टाकला होता. जर्मन पोलिसांच्या तज्ज्ञांनी तो पीळ उलटा फिरवून चेहरा परत मिळवला. ठोकळे-ठोकळे केलेले चेहरेही प्रशिक्षित मॉडेल ओळखू शकते, हे टेक्सास विद्यापीठ आणि कॉर्नेल टेकच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिले. नंबरप्लेट तर आणखी कच्ची, कारण तिच्यावर येऊ शकणारी अक्षरे आणि अंक मोजकेच असतात. प्रत्येक शक्यता तितकीच धूसर करून जुळवून पाहता येते. त्यामुळे प्लेटवर सरळ एकरंगी पट्टी भरणे सर्वांत पक्के. चेहऱ्याला धूसरच करायचे असेल, तर धूसरपणा चेहऱ्याच्या आकारानुसार वाढायला हवा. लहान चेहरा पुसणारी मात्रा कॅमेऱ्याजवळच्या चेहऱ्याला अपुरी पडते.

आता तपासणी. तयार चित्रफितीवर तेच मॉडेल पुन्हा चालवून ‘काहीच सापडले नाही’ म्हणणे ही सर्रास होणारी फसगत. ज्याला पहिल्यांदा दिसले नाही, त्याला दुसऱ्यांदाही दिसणार नाही. त्यातून फार तर चौकटी चुकीच्या जागी छापल्या गेल्याचे कळते. मोबाइलवर घेतलेल्या चित्रफितीत फ्रेमचा वेग बदलत असल्याने धूसर ठिपका चेहऱ्याच्या मागेमागे घसरतो, तो प्रकार असा पकडता येतो. सुटलेले शोधायला वेगळ्या पद्धतीने शिकवलेले दुसरे मॉडेल हवे. तेही मोठ्या आकाराच्या चित्रावर चालवायला हवे. पुष्कळ मॉडेल 1920 पिक्सेल रुंद चित्र आधी 640 पर्यंत आक्रसून घेतात, तेव्हा 60 पिक्सेलची प्लेट 20 ची होते. ती मॉडेलला दिसत नाही, पण मूळ चित्रफितीत डोळ्यांना व्यवस्थित वाचता येते. चित्राचे तुकडे करून प्रत्येक तुकडा पूर्ण आकारात तपासला की ही फट बुजते.

याहून भरवशाची वही मात्र विश्लेषणानेच तयार करून ठेवलेली असते, ती म्हणजे गाड्यांची मोजणी. समजा दहा मिनिटांत 420 गाड्या मोजल्या गेल्या. प्रत्येक गाडीच्या मागावर कुठेतरी प्लेट झाकलेली असायला हवी. हिशेब जुळवल्यावर 46 गाड्यांवर एकही प्लेट झाकलेली नाही असे निघाले, तर त्या 46 डोळ्यांनी पाहायच्या. काही बसच्या आड असतील, काहींची प्लेट कॅमेऱ्याकडे वळलेलीच नसेल. उरलेल्यांत खऱ्या चुका सापडतात: देवनागरीत रंगवलेला क्रमांक, स्कूटरची दोन ओळींची प्लेट, ट्रकच्या कडेला हाताने लिहिलेला नंबर. माणसांचाही असाच ताळा घेता येतो. चौकटीत माणूस आहे, पण डोक्याच्या जागी काहीच झाकलेले नाही, तर तो पाठमोरा आहे की सुटला, हे पाहायचे.

ताळा जुळलेल्या गाड्यांतही मधली एखादी फ्रेम सुटलेली असू शकते. 420 गाड्या, प्रत्येकी चार सेकंद, म्हणजे एकूण 28 मिनिटे. एवढे पाहून टाकणेच सोपे. प्रत्येक गाडीची प्लेट सर्वांत मोठी दिसते त्या क्षणाच्या आजूबाजूच्या फ्रेम सावकाश पुढे सरकवायच्या. चित्रफीत दिवसभराची असेल तेव्हा नमुना काढावा लागतो, आणि तो फ्रेमचा नव्हे, गाड्यांचा काढायचा. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या 300 गाड्यांत एकही चूक नसली, तरी 95 टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की सुटलेल्या गाड्या एक टक्क्याहून जास्त नसाव्यात. तीनला नमुन्याच्या संख्येने भागायचे, असा हा साधा नियम आहे. रात्रीच्या आणि पावसातल्या गाड्यांचा नमुना वेगळा हवा, नाहीतर दिवसाच्या सोप्या गाड्या त्यांच्या चुका झाकून टाकतात.

प्लेट पुसूनही क्रमांक बाहेर पडण्याची एक वाट उरते. विश्लेषणाने प्लेट वाचली असेल, तर तो क्रमांक गाडीच्या चौकटीवर ठळक अक्षरांत छापलेला असतो, शिवाय सोबतच्या तक्त्यात आणि कापून ठेवलेल्या लहान चित्रांतही. म्हणून झाकण्याचे काम मूळ चित्रफितीवर आधी करून मग चौकटी काढतात आणि त्या चौकटींवर फक्त अनुक्रमांक ठेवतात. आवाज आणि फाइलला चिकटलेली वेळ-स्थळाची माहिती शेवटी काढून टाकतात:

```
ffmpeg -i blurred.mp4 -map 0:v:0 -an -map_metadata -1 -c:v copy share.mp4
```

इतके केल्यावरही टेम्पोच्या पाठीवर रंगवलेले मालकाचे नाव, गाव आणि मोबाइल क्रमांक तसाच राहतो. चेहरे आणि प्लेट शोधणाऱ्या मॉडेलला तो मजकूर शोधायला कोणी शिकवलेलेच नसते, तो माणसालाच पाहून पुसावा लागतो.