व्याजदर चढला, तरी टोमॅटो का महागला?

जुलै 2023 मध्ये रहिमतपूरच्या बाजारातून टोमॅटो आणताना आपण सगळ्यांनीच हात आखडता घेतला होता. सालनात टोमॅटोऐवजी चिंच किंवा दही पडू लागलं. कॉलेजातली मुलं तेव्हा आम्हाला विचारत, ‘‘सर, महागाई रोखायला रिझर्व्ह बँकेने व्याजदर वाढवलाय ना? मग हे काय?’’

प्रश्न रास्त होता. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात बँकेने रेपो दर, म्हणजे ज्या दराने ती इतर बँकांना पैसे देते तो दर, 4 टक्क्यांवरून साडेसहावर नेला. तरीही जुलै 2023 मध्ये महागाईचा दर 7.44 टक्के झाला.

व्याजदर चालतो तो कर्जाच्या वाटेने. हप्ता वाढला की माणूस घर, मोटारसायकल, दुकानाचा विस्तार पुढे ढकलतो. मागणी कमी होते, तसा दुकानदार भाव वाढवायला कचरतो. याला वर्ष-दीड वर्ष लागतं. टोमॅटो मात्र कुणी कर्जावर घेत नाही. व्याजापासून कटाक्षाने दूर राहणाऱ्या घरालाही तो त्याच भावाने घ्यावा लागतो.

त्या वर्षी उन्हाळ्यात नाशिक, नारायणगावकडे टोमॅटोचा भाव इतका पडला की तोडणीची मजुरीही निघेना. शेतकऱ्यांनी पीक सोडून दिलं, नवी लागवड कमी केली. पुढे रोग आणि पाऊस आले आणि मालच उरला नाही. रोप लावल्यापासून तोडा सुरू व्हायला दोन-अडीच महिने लागतात. व्याजदर कितीही वाढवला तरी ते लवकर पिकत नाही. आपल्या भागातल्या आल्याला तर आठ-नऊ महिने लागतात.

पुरावा लगेच मिळाला. सप्टेंबरमध्ये महागाईचा दर 5.02 टक्क्यांवर आला. रेपो दर तोच होता. फक्त बाजारात नवा टोमॅटो आला होता.

मग व्याजदर वाढवणं फुकट गेलं का? तसं नाही. भाजी महागली की खानावळवाला ताटाचा भाव वाढवतो, कामगार मजुरी वाढवून मागतो, आणि भाजी उतरल्यावरही ते भाव उतरत नाहीत. ही साखळी तोडणं हे व्याजदराचं काम. अन्न आणि इंधन वगळून मोजलेली महागाई 2023 च्या सुरुवातीला 6 टक्क्यांच्या आसपास होती; 2024 च्या मध्यापर्यंत ती साडेतीनच्याही खाली आली. पण त्या वेळच्या मोजणीत शंभरातले जवळपास 46 भाग खाण्यापिण्याचे होते. म्हणून भाजी भडकली की सारा आकडाच वर जाई.

मुलांना आम्ही आणखी एक हिशेब फळ्यावर मांडून दाखवतो. 100 रुपयांचा जिन्नस पहिल्या वर्षी 7 टक्क्यांनी महागला, 107 झाला. दुसऱ्या वर्षी महागाईचा दर 5 टक्क्यांवर उतरला, तरी तो 112 च्या पुढे जातो. दर उतरला म्हणजे भाव उतरला नाही. चढण्याचा वेग कमी झाला. बातमीत महागाई घटते आणि पिशवीत घटत नाही, ती यामुळेच.