साडेदहाची मुलाखत

दहाला दहा कमी. फाट्यावरच्या चहाच्या टपरीच्या आडोशाला एक मुलगी छत्री मिटून उभी आहे. बगलेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल. मुलाखतीलाच आली असणार, पण आत येत नाही. घड्याळ बघते, ओढणीनं बुटाच्या टोकावरचा चिखल पुसायला जाते, थांबते, पिशवीतून जुना रुमाल काढते.

नारायणगावजवळच्या या टोमॅटो-ढोबळीच्या रोपवाटिकेचं ऑफिस मी सांभाळतो. आज फील्ड ऑफिसरच्या एका जागेसाठी तिघांना बोलावलंय, वेळ साडेदहाची. सर सव्वादहापर्यंत रोपांच्या गाड्या भरून देण्यात असतात. त्याआधी कुणी दारात येऊन उभं राहिलं की त्यांना हातातलं काम टाकावं लागतं, आणि ते त्यांना आवडत नाही. मुलगी सव्वादहाला गेटमधून येते.

“नमस्कार सर, मी घोडेगावहून आले. काल फोन केला होता.”

आठवलं. मंचरला गाडी बदलावी लागते म्हणून ती एक एसटी आधीची धरून निघालीय. कालच्या फोनवर तिनं दोनच गोष्टी विचारल्या होत्या : मूळ कागद लागतील का, आणि शेडनेटमध्ये जायचं असेल तर कपड्यांचं काही आहे का. मी सांगितलं होतं, पिवळं घालू नका, बंद बूट घाला. आज तिच्या अंगावर फिकट निळा सुती पंजाबी ड्रेस आहे, ओढणी दोन्ही खांद्यांना पिनेनं लावलेली, केस बांधलेले. कापड नवं नाही, पण इस्त्री कडक आहे.

रजिस्टरवर ती सही करत असताना ऑफिसचा फोन वाजतो. आळेफाट्याकडून येणारा मुलगा बोलतोय, मागं हॉर्नचा गोंधळ. टोमॅटोचा बाजार भरात आहे, मार्केटसमोर पिकअपची रांग लागलीय. “सर, मी अडकलोय. पावणेअकरा होतील. चालेल का?” मी सरांना सांगतो, ते क्रम बदलतात, आणि विषय तिथंच संपतो. हाच फोन पावणेअकराला आला असता, तर तोवर तीन माणसं मोकळी बसून राहिली असती.

तिसरा उमेदवार माझ्यासमोरच्या बाकावर आहे. नवा कोरा, हळदीसारखा पिवळाजर्द शर्ट, चकचकीत पॉलिशचे बूट. पोरगा मनापासून तयार होऊन आलाय. पांढऱ्या माशीला आणि माव्याला पिवळा रंग ओढतो. म्हणूनच शेडनेटमध्ये आम्ही पिवळे चिकट सापळे टांगतो. असा शर्ट घालून आत जाणारा माणूस दारापाशी बसलेली माशी अंगावर घेऊन आत जातो, आणि तीच माशी टोमॅटोच्या पानं वळण्याच्या रोगाचा विषाणू पसरवते. बोलावण्याच्या निरोपात मी हे लिहायला हवं होतं. पुढच्या वेळी लिहीन. पण त्यानंही एक फोन केला असता, तर त्याचा खर्च आणि हौस दोन्ही कामी आली असती.

तो मोबाईलवर काहीतरी बघतोय, आवाज बारीक पण खोलीभर ऐकू येतो. मग शिपायाला हाक मारतो, “ओ दादा, इथं पगार किती देतात?” शिपाई माझ्याकडे बघतो. मी मान खाली घालून चलन लिहितो. तेवढ्यात रोपांची नोंदणी करायला एक म्हातारे शेतकरी आत येतात, टोपी भिजलेली. मुलगी उठते, “बाबा, बसा”, आणि फाईल उचलून भिंतीला टेकून उभी राहते. बाबा लगेच विचारतात, “कुठली गं तू?” दोघांचं डिंभ्याच्या पाण्यावर बोलणं सुरू होतं. चहा येतो तेव्हा ती कप आधी बाबांपुढे करते.

मुलाखतीचा पहिला भाग टेबलावर होतो, तो मला दिसत नाही. दुसरा शेडनेटच्या दारात होतो, आणि तिथं चाव्या घेऊन मीच असतो. आमच्याकडे दार दुहेरी आहे. बाहेरचं लावल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. मध्ये जंतुनाशकाच्या पाण्याचा ट्रे, त्यात बूट बुडवायचे, मग साबणानं हात धुवायचे.

पिवळ्या शर्टाच्या मुलाला मी माझा पांढरा ॲप्रन देतो. सर विचारतात, “तंबाखू खाता?”

“नाही सर.”

शर्टाच्या खिशातून पुडीचं टोक डोकावतंय. सर काही बोलत नाहीत. आत नेण्याऐवजी त्याला बाहेरच्या शेडमध्ये रिकाम्या ट्रेंपाशी घेऊन जातात आणि उरलेले प्रश्न तिथंच विचारतात. तंबाखूच्या पानातला मोझॅक विषाणू वाळलेल्या तंबाखूतही टिकतो. मळलेला हात रोपाला लागला की तो टोमॅटोवर जातो, आणि एका ट्रेमधली 98 रोपं हाताळता हाताळता पुढं सरकतो. आमचे दोन मजूर तंबाखू खातात. ते तसं सांगतात, साबणानं कोपरापर्यंत हात धुतात आणि मगच आत येतात. सरांनी विचारलं ते एवढ्याचसाठी, हे त्या पोराला कुणी सांगायचं?

मुलगी आत गेल्यावर हात मागं बांधून चालते. एका ट्रेपाशी थांबते, वाकते, विचारते, “सर, हात लावू का?” सर मान हलवतात, तेव्हा कुठे ती पान उलटं करून खालची बाजू बघते.

पाऊण वाजता सर तिघांना म्हणतात, “जेवूनच जा.” या कामात शेतकऱ्याच्या घरी जेवायची वेळ आठवड्यातून दोनदा तरी येते, त्यामुळे सर जेवण मुद्दाम ठेवतात. आळेफाट्याचा मुलगा तिथंच सांगून टाकतो, “सर, माझा आज गुरुवार आहे, मी नुसता चहा घेईन.” स्वयंपाक करणारी मावशी त्याच्यासाठी केळी आणि भाजलेले शेंगदाणे काढते. वाढलेल्या ताटासमोर बसून हे सांगितलं असतं, तर मावशीला वाईट वाटलं असतं.

आज मासवडी आहे. जुन्नर-आंबेगावातल्या माणसाला ती नवी नाही : बेसनाच्या आवरणात खोबरं, तीळ, लसूण यांचं सारण, वड्या कापून मांडलेल्या, बाजूला वाटीत तर्रीचा लालभडक रस्सा आणि बाजरीची भाकरी. मुलगी हात धुण्याआधी दोन्ही बाह्या दोन-दोन घड्या वर करते. “मावशी, रस्सा आधी थोडाच वाढा, मग मागते.” सर भाकरी मोडेपर्यंत तिचा हात ताटाशी जात नाही. सर रश्शात भाकरी कुस्करतात, तीही कुस्करते. रस्सा जहाल आहे. तिच्या डोळ्यांत पाणी येतं, ती डाव्या हातानं पेला उचलते, दोन घोट घेते आणि सरांच्या प्रश्नाचं उत्तर घास गिळून झाल्यावर देते. सर पीक सोडून तिच्या गावच्या भातलावणीचं विचारताहेत.

पिवळ्या शर्टाचा मुलगा भुकेला आहे, खाली वाकून भरभर जेवतो. वडी वाटीत पडते आणि रश्शाचे चार थेंब त्याच्या छातीवर उडतात. तो गोंधळून जोरजोरात चोळायला लागतो, तेल आणखी पसरतं. “चोळू नका,” ती हळूच म्हणते, “नुसतं टिपा,” आणि ताटाशेजारचा कागद त्याच्याकडे सरकवते. सर त्या वेळी मुद्दाम मावशीला ताक मागतात. आमच्या सरांचं हे मला फार आवडतं.

जेवण झाल्यावर सर स्वतःचं ताट उचलून मोरीकडे निघतात. तिघंही आपापलं ताट उचलतात. मोरीपाशी मुलगी मावशीला विचारते, “सारणात खसखस घातली होती का?” आणि मावशी हात पुसत पुसत तिला सगळी कृती सांगू लागते.

दोन वाजून दहा मिनिटं. रजिस्टरात जाण्याची वेळ लिहून ती विचारते, “सर, कधीपर्यंत कळेल?” शनिवारपर्यंत, मी सांगतो. पिवळ्या शर्टाचा मुलगा पायरीवर रेंगाळतो. मग खिशातली पुडी काढून माझ्या टेबलापाशी येतो. “सर, तो तंबाखूचा प्रश्न कशासाठी होता?”

मी खुर्ची पुढं ओढून त्याला बसवतो, आणि ड्रॉवरमधून डाग पडलेल्या पानांचे फोटो बाहेर काढतो.