डब्यातला चिखल आणि सुका पाला

पावसाळ्यात घरच्या कंपोस्टचे फोटो जाणकारांकडे पाठवले जाऊ लागतात आणि त्यातले बरेचसे सारखेच दिसतात. बाल्कनीतला प्लॅस्टिकचा डबा, झाकणाच्या आतून टपकणारे थेंब आणि खाली काळपट, चकाकणारा थर. त्यात चहाचा चोथा, उरलेला भात, कलिंगडाची सालं अजून ओळखू येतात. वर सुक्या पानांची एक मूठ भुरभुरलेली असते. प्रश्नही तोच असतो: वास का येतो, आणि हे कोरडं का होत नाही?

फोटोतली चकाकी हेच अर्धं उत्तर आहे. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात वजनाने सुमारे ऐंशी टक्के पाणी असतं. सालं मऊ पडून खचली की ते पाणी बाहेर येतं आणि कणांमधल्या पोकळ्या भरून टाकतं. हवा पाण्यातून फार सावकाश पसरते. त्यामुळे प्राणवायूवर जगणारे जिवाणू मागे पडतात आणि त्याच्याशिवाय जगणारे त्यांची जागा घेतात. आंबूस वास येतो तो त्यांनी तयार केलेल्या आम्लांचा, आणि सडक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा. म्हणजे दुर्गंधीचं मूळ ओल्या कचऱ्यात नसून हवा कोंडण्यात आहे.

नाकात झोंबणारा, अमोनियाचा वास मात्र वेगळी गोष्ट सांगतो. तिथे हवा असूही शकते, पण नत्र जास्त आणि कर्ब कमी पडलेला असतो. जिवाणूंना न वापरता आलेलं नत्र वायू होऊन उडून जातं. अशा डब्यात वास मारण्यासाठी चुना टाकणं नुकसानीचं आहे, कारण चुन्याने अमोनिया अधिकच सुटतो आणि खतातलं नत्र तेवढं कमी होतं. हा फरक फोटोत दिसत नाही. म्हणून फोटो पाठवणाऱ्याने वास कसा येतो तेही लिहावं आणि वरच्या थराऐवजी खुरप्याने उकरलेल्या मधल्या भागाचा फोटो काढावा.

वर भुरभुरलेली मूठभर पानं किती अपुरी आहेत, ते एक किलो ओल्या कचऱ्याचा हिशेब मांडला की कळतं. त्यात आठशे ग्रॅम पाणी आणि दोनशे ग्रॅम घन भाग धरू. ढिगात ओल साठ टक्क्यांच्या आसपास असावी लागते. तिथवर येण्यासाठी जवळपास ४०० ग्रॅम वाळलेला पाला मिसळावा लागतो. कर्ब आणि नत्राचं प्रमाण साधारण २५ ते ३० ला १ असावं लागतं, आणि तेही जवळजवळ याच ४०० ग्रॅममध्ये साधतं. एकच सुका पाला ओल आणि नत्र दोन्ही सावरतो. मापाने पाहिलं तर चुरलेला पाला कचऱ्याच्या सुमारे दुप्पट भरतो. हवेशीर डब्यातून पाणी उडून जातं, तिथे थोडा कमी चालतो. बंद डब्यात मात्र नाही.

पाल्याऐवजी कोकोपीट वापरलं तर ते पाणी उत्तम शोषतं, पण बारीक असल्याने भिजल्यावर दाबून बसतं. त्याबरोबर काड्या किंवा पुठ्ठ्याचे तुकडे घालावेत, म्हणजे हवेला वाट राहते. आंबट ताक, गुळाचं पाणी वगैरे विरजणं चिखल झालेल्या डब्यात ओतणं मात्र टाळावं. तिथे जिवाणूंची कमतरता नसते, आणि पाणी आधीच जास्त झालेलं असतं.

फोटोतल्या त्या डब्यासाठी उपाय असा: सगळा माल जुन्या गोणपाटावर ओतावा आणि गोळे फोडावेत. तळाला भोकं नसतील तर पाडावीत, तिथे नारळाच्या शेंड्या किंवा काड्यांचा बोटभर थर द्यावा. मग चुरलेला पाला मिसळत जावं. मूठभर माल घट्ट दाबल्यावर एखाददुसरा थेंबच यावा; धार लागली तर पाला अजून हवा. मग आठवडाभर नवा कचरा टाकू नये आणि दर दोन दिवसांनी माल वरखाली करावा. हवा खेळू लागली की वास दोन-तीन दिवसांत ओसरू लागतो. तसं झालं नाही तर मध्ये कुठेतरी गोळा तसाच राहिला आहे, तो शोधावा.

पांढरी बुरशी आणि वळवळणाऱ्या अळ्या पाहून मात्र डबा रिकामा करू नये. बुरशी पानं कुजवते. काळ्या सोल्जर माशीच्या अळ्या कचरा खाऊन टाकतात. त्या जास्त झाल्या तर ओल जास्त झाली आहे, एवढं ओळखावं.

जुलैत कोरडा पाला मिळत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडांखाली पडलेला पाला पेटवू न देता दोन-तीन पोती भरून कोरड्या जागी ठेवावीत; पावसाळाभर ती पुरतात की नाही, हे तुमच्या घरच्या कचऱ्याच्या वजनावरून आत्ताच मोजून पाहा.