बुडबुड्यांनी अडवलेली वीज

इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टाने 1800 साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने आपल्या नव्या उपकरणाची माहिती कळवली. जस्ताची चकती, तिला लागून चांदीची किंवा तांब्याची चकती, वर मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, आणि अशीच रचना पुन्हा पुन्हा, एकावर एक. दोन टोके तारेने जोडली की वीज वाहू लागे. पण थोड्याच वेळात तिचा जोर ओसरे.

दोष तांब्याच्या पृष्ठभागावर होता. जस्त विरघळताना सुटलेले इलेक्ट्रॉन तारेतून तांब्याकडे येतात. तिथे ते घ्यायला पाण्यातल्या हायड्रोजनखेरीज कोणीच नसते. हायड्रोजनचे बारीक बुडबुडे चकतीला चिकटून बसतात आणि पुढची वाट अडवतात.

लंडनच्या जॉन डॅनियलने 1836 साली यावर उपाय काढला. इलेक्ट्रॉन घ्यायला त्याने दुसरेच गिऱ्हाईक आणले. तांब्याच्या भांड्यात त्याने मोरचुदाचे द्रावण भरले, तर जस्ताची कांडी सौम्य गंधकाम्लात वेगळी ठेवली. आता मोरचुदातले तांबे इलेक्ट्रॉन घेऊन भांड्यावर चढू लागले आणि वायूचा प्रश्नच मिटला. मात्र मोरचूद जस्तापर्यंत पोचले, तर तांबे थेट जस्तावरच बसते आणि तारेतून जायला वीज उरत नाही. म्हणून मध्ये पडदा हवा, आणि तोही झिरपणारा, नाहीतर परिपथ पुरा होत नाही. डॅनियलने आधी बैलाची अन्ननलिका वापरली. पुढे न झिलावलेले मातीचे भांडे आले. सुमारे 1.1 व्होल्ट स्थिर दाब देणारा हा घट तारयंत्रांना मानवला, पण हलवला की द्रावणे मिसळत.

फ्रान्सच्या लेक्लांशेने 1866 साली मोरचुदाऐवजी मँगनीज डायऑक्साइड आणि नवसागर वापरला. पुढे जर्मनीच्या गासनरने नवसागराचा लगदा केला आणि जस्ताचेच डबडे बनवले. हाच आपला विजेरीचा कोरडा सेल. यात डबडेच खर्ची पडते, म्हणून विसरून राहिलेले स्वस्त सेल गळतात.

पुन्हा चार्ज होणारी शिशाची बॅटरी फ्रान्सच्याच प्लांतेने 1859 मध्ये केली होती, पण ती जड. हलके लिथियम पाण्यात टिकत नाही, त्यासाठी निराळी द्रावणे लागली. 1970 च्या दशकात विटिंगहॅमने लिथियम धातू वापरून बॅटरी केली, तेव्हा नवेच संकट उभे राहिले. चार्ज करताना धातूचे काटे वाढत, पडदा भेदत आणि आतच शॉर्टसर्किट होऊन आग लागे. जपानच्या योशिनोने 1985 मध्ये धातूच काढून टाकला. त्याने एका बाजूला कार्बन आणि दुसरीकडे गुडइनफचे कोबाल्ट ऑक्साइड ठेवले. लिथियमचे आयन या दोहोंच्या थरांत नुसते ये-जा करतात. 1991 मध्ये ही बॅटरी बाजारात आली, आणि 2019 चे नोबेल तिघांना मिळाले.

काट्यांचा धोका मात्र पुरता गेलेला नाही. शून्याखालच्या थंडीत लिथियम कार्बनच्या थरात वेळेवर शिरत नाही आणि चार्जिंगच्या वेळी धातू होऊन वरच साचते. तेव्हा हिवाळ्यात लडाखला गेलात, तर गारठलेला फोन आधी खिशात उबवा आणि मगच चार्जिंगला लावा.