ब्रोकरचं पत्र: सही करण्याआधी

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात प्लास्टिकचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी आहे असं समजा. इतकी वर्षं एका एजंटकडून विमा घेतला, आता पहिल्यांदाच परवानाधारक विमा ब्रोकर नेमायचा आहे. आठवड्याभरात त्याचं चार-पाच पानी पत्र येतं. आम्ही काय करू, तुम्ही काय करायचं आणि आमची कमाई कुठून होईल, एवढं त्यात लिहिलेलं असतं. लेखापाल ते 'रूटीन' म्हणून मालकांपुढे ठेवतो आणि मालक शेवटच्या पानावर सही करतात. पुढे आग लागली, की हेच पत्र फाईलमधून शोधून काढावं लागतं.

मुळात एजंट हा विमा कंपनीचा माणूस असतो, तर ब्रोकर ग्राहकाचा. या एका फरकातून एक महत्त्वाची गोष्ट निघते, ती मात्र बहुतेकांना ठाऊक नसते. ब्रोकर तुमचा प्रतिनिधी, त्यामुळे त्याला कळवलं म्हणजे विमा कंपनीला कळवलं असं आपोआप होत नाही. आग लागल्यावर ब्रोकरच्या माणसाला फोन केला आणि निश्चिंत झालो, असं चालत नाही. आगीच्या प्रचलित पॉलिसीत नुकसानीची सूचना ताबडतोब आणि तपशीलवार दावा साधारण १५ दिवसांत द्यावा लागतो. म्हणून विमा कंपनीला सूचना कोण देणार, किती तासांत आणि लेखी की नुसती फोनवर, हे पत्रात स्पष्ट हवं. 'क्लेमच्या वेळी सर्वतोपरी सहकार्य' एवढंच लिहिलं असेल, तर कागदोपत्री ब्रोकरवर फारसं काही बंधन येत नाही.

आता कमाई. ब्रोकरला मोबदला सहसा विमा कंपनी देते, प्रीमियमच्या टक्केवारीत. म्हणजे तुमच्या बाजूने घासाघीस करायला नेमलेल्या माणसाचं उत्पन्न तुमचा प्रीमियम वाढला की वाढतं. यात लबाडी आहे असं नाही, व्यवस्थाच तशी आहे. पण ती माहीत असावी. ग्राहकाने विचारलं तर कमिशनचे दर सांगणं ब्रोकरच्या आचारसंहितेत आहे, तेव्हा पत्र हातात आहे तोवरच विचारून घ्यावं. त्या कमिशनमधला वाटा मागायचा मोह मात्र टाळावा, कारण १९३८ च्या विमा कायद्याचं कलम ४१ प्रीमियममध्ये अशी परस्पर सूट द्यायलाही आणि घ्यायलाही मनाई करतं.

खरी गोची ग्राहकाच्या जबाबदाऱ्यांच्या परिच्छेदात असते. 'विम्याची रक्कम ठरवणे ही ग्राहकाची जबाबदारी राहील,' हे वाक्य जवळपास प्रत्येक पत्रात सापडतं. आपल्या कंपनीची यंत्रं आज नव्याने घ्यायची तर १० कोटी लागतील, पण ताळेबंदातली घसारा वजा जाता उरलेली किंमत ६ कोटी, म्हणून लेखापालाने विमा ६ कोटींचाच काढला. पॉलिसी नव्या किमतीच्या आधारावर असेल आणि आगीत २ कोटींचं नुकसान झालं, तर सर्वेक्षक विम्याची रक्कम आणि खरी किंमत यांचं प्रमाण लावतो. दहातले सहा, म्हणून हाती येतात १ कोटी २० लाख, तेही पॉलिसीत ठरलेला ग्राहकाच्या वाट्याचा हिस्सा वजा होण्याआधी. उरलेले ८० लाख ब्रोकरने द्यावेत, असं मालकांना वाटणं साहजिक आहे. पण वरच्या वाक्याखाली सही त्यांचीच असते.

मग काय, वाक्य खोडून टाकायचं? ब्रोकर ते खोडू देणार नाही आणि त्याचं बरोबरच आहे, कारखान्यातल्या यंत्रांची किंमत त्याला कुठून कळणार? मात्र त्याखाली एक ओळ वाढवून मागता येते: कमी रकमेचा विमा काढल्यास दाव्यात किती कपात होईल, हे ब्रोकर दर नूतनीकरणाआधी लेखी समजावून सांगेल. मूल्यांकन तुमचं, इशारा त्याचा, अशी वाटणी झाली की पुढे वाद झाला तरी कोणी काय करायचं होतं हे कागदावर असतं.

सेवेच्या व्याप्तीतही असंच. पत्रासोबतच्या यादीत ज्या पॉलिसी आहेत त्यांचीच जबाबदारी ब्रोकर घेतो. मधल्या काळात भिवंडीत भाड्याने घेतलेलं गोदाम पॉलिसीत तुम्ही कळवल्याशिवाय येत नाही. शिवाय कलम ६४व्हीबीप्रमाणे प्रीमियम आगाऊ भरला गेला, किंवा कायद्याला मान्य अशी हमी दिली गेली, तरच विमा कंपनी जोखीम घेऊ शकते. त्यामुळे ब्रोकरचा 'झालं, काळजी नको' असा मेसेज संरक्षणाचा पुरावा ठरत नाही. विमा कंपनीचं पृष्ठांकन हाती येईपर्यंत पाठपुरावा कोणी करायचा, तेही पत्रात यावं.

शेवटच्या पानावर ब्रोकर बदलण्याचं कलम असतं. वर्षाच्या मध्यात नवा ब्रोकर नेमला, तर जुन्या ब्रोकरच्या काळातला अर्धवट दावा कोण पूर्ण करणार आणि सर्वेक्षकाशी झालेला पत्रव्यवहार किती दिवसांत सुपूर्द होणार, हे तिथे लिहिलं नसेल तर सही करण्याआधी लिहून घ्यावं.