चारशे शब्द आणि आठांचा फरक

गुहागर तालुक्यात ज्या घराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या खोती होती, त्यांच्या माळ्यावरील पेटाऱ्यांतून, १९४९ च्या कायद्याने खोती गेल्यावरही, कबुलायती, पावत्या आणि महजर यांची दप्तरे अद्याप निघतात. आणि आधी शिरोरेघ ओढून मग तिच्याखाली लेखणी न उचलता धावत लिहिलेली ती मोडी वाचणारी माणसे विरळ होत चालल्यामुळे, हे काम संगणकावरील मॉडेलांकडे सोपवावे हा विचार अनेकांच्या मनात घोळू लागला आहे. मग मॉडेले दोन असली की त्यांतले सरस कोणते, हा प्रश्न ओघानेच येतो.

समजा, अशा दप्तरातील वीस कागदांवरून प्रत्येकी वीस, असे चारशे शब्द निवडले, जाणत्या वाचकाकडून त्यांचे वाचन कायम करून घेतले, आणि ते दोन्ही मॉडेलांपुढे ठेवले. पहिल्याने ३५२ शब्द बिनचूक वाचले, दुसऱ्याने ३६०. म्हणजे शेकडा ८८ आणि शेकडा ९०. एवढ्यावर दुसऱ्याच्या नावाने निकाल देण्याचा मोह कोणालाही होईल. परंतु हे दोन आकडे ज्या ताळेबंदातून निघाले, तो ताळेबंद त्यांनी झाकून टाकलेला असतो.

तो उघडून पाहावा. ३३८ शब्द दोघांनीही बरोबर वाचले आणि २६ दोघांनीही चुकवले. या ३६४ शब्दांवर दोघांचा वादच नसल्यामुळे, सरस कोण याविषयी त्यांची साक्ष काहीच नाही. वादाचे शब्द उरले ३६ : त्यांपैकी २२ दुसऱ्याने जिंकले, १४ पहिल्याने. दोन्ही मॉडेले तुल्यबळ असती, तर यांतील प्रत्येक शब्द म्हणजे नाणेफेक ठरली असती. तेव्हा विचारायचे ते इतकेच, की ३६ वेळा नाणे उडवले असता २२–१४ इतकी किंवा याहून अधिक विषम वाटणी, कोणत्याही बाजूने, किती वेळा पडेल? गणिताने उत्तर येते शेकडा सुमारे २४, म्हणजे जवळजवळ चारांत एकदा. क्विन मॅकनेमार या मानसशास्त्रज्ञाने १९४७ मध्ये मांडलेली जोडीची कसोटी ती हीच. (मॉडेले तुल्यबळ असण्याचा संभव शेकडा २४ आहे, असा मात्र याचा अर्थ नव्हे, ही गल्लत शिकलेसवरलेले लोकही सर्रास करतात.)

आता तोच आठांचा फरक, परंतु निराळ्या ताळेबंदातून आलेला पाहा. पहिल्याने बरोबर वाचलेले सर्व ३५२ शब्द दुसऱ्यानेही बरोबर वाचले आणि वर आणखी आठ वाचले, असे घडले असते, तर वादाचे शब्द आठच, आणि आठही एका बाजूला. नाणे आठ वेळा उडवून आठही वेळा एकच बाजू पडण्याचा संभव १२८ त एक. शेकडा दोनांचा फरक एका ताळेबंदात निव्वळ दैवाचा खेळ असू शकतो आणि दुसऱ्यात भक्कम पुरावा ठरतो. म्हणून केवळ दोन टक्केवाऱ्या छापून मोकळे होणाऱ्यांचा मला राग येतो. नव्या वाणाची परीक्षा दूरच्या सुपीक शेतात न घेता जुन्या वाणाच्या शेजारच्याच वाफ्यात घ्यावी, हा पानसे आणि सुखात्मे यांच्या १९५४ च्या ग्रंथावर वाढलेल्या शेतकी संख्याशास्त्रज्ञांचा नित्याचा शिरस्ता. येथे वाफ्याच्या जागी शब्द आहे, इतकेच.

फरक किती, हे सांगण्यासाठी ब्रॅडली एफ्रन यांनी १९७९ मध्ये मांडलेली बूटस्ट्रॅप पद्धती उपयोगी पडते. प्रत्येक शब्दाची एक चिठ्ठी करावी, तीवर दोन्ही मॉडेलांचा निकाल एकत्र लिहावा, आणि चिठ्ठी काढून, टिपून, परत टाकून, पुन्हा काढून अशा चारशे चिठ्ठ्या पुऱ्या कराव्यात. काही शब्द दोनतीनदा येतील, काही मुळीच येणार नाहीत. त्या चारशेंवर फरक काढावा, हे दहा हजार वेळा करावे, सर्व फरक चढत्या क्रमाने लावावेत आणि दोन्ही टोकांचे अडीचशे अडीचशे टाकून द्यावेत. आपल्या पहिल्या ताळेबंदात उरणारा पल्ला सुमारे उणे १ पासून अधिक ५ टक्क्यांपर्यंत येतो. त्यात शून्य आहे, अर्थात दुसरे मॉडेल किंचित निकृष्टही असू शकते. पण पाच टक्क्यांनी सरस असण्याची शक्यताही मोडीत निघालेली नाही. वादाच्या शब्दांचे प्रमाण असेच राहिले, तर दोन टक्क्यांचा खरा फरक पाचांपैकी चार वेळा पकडण्यास सुमारे साडेसतराशे शब्द लागतील.

तरीही एक खोच राहतेच. एका कागदावरचे वीस शब्द एकाच कारकुनाच्या हातचे, एकाच शाईचे आणि एकाच वाळवीने खाल्लेले असतात. दुसऱ्या मॉडेलाने जिंकलेल्या २२ शब्दांपैकी नऊ एकाच पावतीवर असतील, तर त्या नऊ साक्षी नव्हेत, एकाच साक्षीदाराची नऊ वाक्ये होत. अशा वेळी चिठ्ठी शब्दाची न करता अख्ख्या कागदाची करावी. मग पल्ला बहुधा आणखी रुंदावतो. यावर उपाय म्हणून त्याच पावतीवरचे आणखी पन्नास शब्द घेण्यात फारसे हशील नाही. दुसऱ्या वाडीतून, दुसऱ्या हातचा कागद आणावा लागतो.